डेलचा चार्जर: सहाशेचा, हजाराचा की तेवीसशेचा?

प्रश्न: सर, मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात इंजिनीअरिंगला आहे. माझ्या डेल इन्स्पिरॉनला (६५ वॅट, बारीक पिन) चार्जर लावला की सुरू होताना `The AC power adapter wattage and type cannot be determined` असं येतं. लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही आणि सगळं हळू चालतं. दुकानदार म्हणाले चार्जर गेला. ओरिजिनल २३०० सांगतात, रिफर्बिश्ड १०००, कंपॅटिबल नवा ६००. कुठला घेऊ? स्वस्तातला घेतला तर लॅपटॉपला काही होईल का? वॉरंटीचं काय?

उत्तर: आधी पैसे काढू नका. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत, त्यावरून चार्जर पूर्ण गेलेला नाही. तो वीज देतोय, म्हणून तर लॅपटॉप चालतोय. गेलंय ते त्याचं बोलणं.

डेलच्या बारीक पिनला तीन भाग असतात. बाहेरची नळी निगेटिव्ह, आतली पॉझिटिव्ह, आणि अगदी मधे सुईसारखी एक काडी. त्या काडीतून वीज जात नाही. चार्जरच्या आत एक छोटी मेमरी चिप असते, ती या काडीवरून लॅपटॉपला सांगते की मी डेलचा आहे, ६५ वॅटचा आहे, १९.५ व्होल्ट देतो. लॅपटॉपला हे ऐकू आलं नाही तर तो सावध होतो. बॅटरीला चार्ज देत नाही, प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि तुम्ही लिहिलेली ती ओळ दाखवतो.

ऐकू न येण्याचं सगळ्यांत जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे पिनपासून दोन-तीन इंचांवर वायर आत तुटलेली असणं. चार्जरला वायर गुंडाळून दप्तरात कोंबायची सवय असते ना, तिथंच ती मोडते. चिपची वायर तिघींत सगळ्यांत बारीक, म्हणून आधी तीच जाते. दुकानात मल्टिमीटर लावला की १९.५ व्होल्ट येतात, कारण जाड वायरी शाबूत असतात. मग कुणी म्हणतो चार्जर चांगला आहे, मदरबोर्ड गेला. कुणी म्हणतो चार्जर बदला. दोघंही अंदाजच सांगत असतात.

घरी करायची तपासणी साधी आहे. हॉस्टेलवर बारीक पिनचा, ६५ वॅटचाच डेल चार्जर असलेला कुणीतरी सापडेलच. त्याचा चार्जर तुमच्या लॅपटॉपला लावा आणि सुरू होताना F2 दाबून बायोसमध्ये जा. तिथं बॅटरीच्या माहितीत AC Adapter समोर 65 W दिसलं तर तुमचा लॅपटॉप ठीक, दोष चार्जरमध्ये. त्याच्या चार्जरनंही तोच मेसेज आला तर दोष लॅपटॉपच्या जॅकमध्ये किंवा बोर्डावर आहे, आणि मग तेवीसशेचा चार्जर आणूनही काही फरक पडणार नाही. अशा वेळी जॅक बदलावा लागतो. इन्स्पिरॉनच्या बऱ्याच मॉडेलांत तो वायरसकट सुटा येतो, बोर्डाला हात लावावा लागत नाही.

दोष चार्जरमध्येच निघाला असं धरून आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

कंपॅटिबल चार्जर बनवणाऱ्यांनाही ती चिप लागते, नाहीतर माल विकलाच जाणार नाही. म्हणून ते चिपची नक्कल घालतात. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. चिप म्हणजे फक्त ओळखपत्र आहे. तिच्यात "६५ वॅट" लिहिलेलं असतं, पण आतलं सर्किट खरोखर ६५ वॅट देऊ शकतं का, हे लॅपटॉप तपासत नाही. तो विश्वास ठेवतो आणि तेवढी वीज ओढायला लागतो. म्हणजे ओळखपत्र खोटं असेल तर धोका कमी होत नाही, वाढतो. चिप नसलेल्या चार्जरपाशी लॅपटॉप निदान बेतानं वागतो.

याचं एक उदाहरण माझ्याच टेबलावरचं सांगतो. निपाणीचा एक मुलगा अगदी तुमच्यासारखाच लॅपटॉप घेऊन आला होता. ऑनलाइन मागवलेला नवा कंपॅटिबल चार्जर दोन महिने वापरत होता. तक्रार अशी की मोबाईलसारखं चार्ज होतं-थांबतं, होतं-थांबतं, आणि टचपॅडवर बोट ठेवलं की बाण उड्या मारतो. चार्जर काढला की बाण शहाण्यासारखा वागतो. बायोसमध्ये बघितलं तर 65 W. त्यामुळे त्याला वाटत होतं की बॅटरी गेली.

मी तीन चार्जर शेजारी शेजारी मांडले: त्याचा तो नवा, माझ्याकडचा ओरिजिनल, आणि एका ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपबरोबर आलेला काढीव ओरिजिनल. नुसता मल्टिमीटर लावल्यावर तिन्ही १९.५ च्या आसपास. इथंच बहुतेकांची तपासणी संपते, आणि इथंच फसगत होते, कारण काहीच काम नसताना कुठलाही चार्जर १९.५ दाखवतो. त्याला ओझं द्यावं लागतं.

माझ्याकडे १२ ओहमचे, ५० वॅटचे, ॲल्युमिनियमच्या कवचातले दोन रेझिस्टर जाड पत्र्यावर बसवलेले आहेत. ते समांतर जोडले की ६ ओहम होतात. १९.५ भागिले ६ म्हणजे ३.२५ अँपिअर, म्हणजे साधारण ६३ वॅट. चार्जरच्या लेबलावर ३.३४ अँपिअर लिहिलेले असतात, तेव्हा हे ओझं त्याच्या मर्यादेच्या आत आहे, त्याला ते पेललंच पाहिजे. ओरिजिनल १९.३ वर आला आणि अर्धा तास तिथंच राहिला. काढीव जुना १९.१ वर, तोही स्थिर. कंपॅटिबल सुरुवातीलाच १८.६, दहा मिनिटांनी १७.९, आणि पंधराव्या मिनिटाच्या आसपास बंद. हातात धरवत नव्हता. थंड झाला की परत सुरू. त्या मुलाची "होतं-थांबतं" तक्रार ती हीच. बॅटरीत काही दोष नव्हता.

व्होल्टेज असं घसरलं तर लॅपटॉपला काय होतं? तेवढंच काम करायला तो जास्त अँपिअर ओढतो, म्हणजे चार्जर आणि पिन दोन्ही आणखी तापतात. पिन जिथं जॅकमध्ये बसते तिथलं प्लॅस्टिक तपकिरी पडायला लागतं. माझ्याकडे जॅक जळालेले जे लॅपटॉप येतात, त्यांतल्या पुष्कळांची गोष्ट अशीच सुरू झालेली असते. सहाशेच्या चार्जरनं मदरबोर्ड लगेच उडतो असं मात्र मी म्हणणार नाही. बोर्डावर त्याची स्वतःची राखणदार सर्किटं असतात. नुकसान होतं ते हळूहळू, जॅकपासून.

बाणाच्या उड्यांचं कारण वेगळं आहे, आणि त्याचा संबंध तुमच्या अंगाशी आहे.

भिंतीतले २३० व्होल्ट चार्जरच्या आत गेले की त्यांचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. त्या बाजूपासून तुमच्या हाताला लागणारी १९.५ व्होल्टची बाजू ट्रान्सफॉर्मरनं वेगळी केलेली असते. दोन्ही बाजूंमधे बोर्डावर मोकळी पट्टी सोडावी लागते, काही मिलिमीटरची. चांगल्या चार्जरमध्ये तिथं बोर्डाला आरपार खाच पाडलेली असते. आणि दोन्ही बाजू जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो, विजेतला गोंगाट जिरवण्यासाठी. हा साधा कपॅसिटर चालत नाही. त्याची खास जात असते, वाय क्लास म्हणतात, जी बिघडली तरी आरपार शॉर्ट होऊ नये अशी बनवलेली असते. स्वस्त चार्जरमध्ये या जागी मी साधा डिस्क कपॅसिटर बघितलाय. तो शॉर्ट झाला तर भिंतीतला फेज थेट लॅपटॉपच्या पत्र्यावर येतो. निपाणीच्या चार्जरमध्ये फ्यूजच्या जागी नुसती तार होती आणि गोंगाट गाळणारी कॉइल बसवायची जागा रिकामी होती. बाण उड्या मारत होता तो त्या रिकाम्या जागेमुळं.

(चार्जर घरी उघडून बघू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ चार्ज राहू शकतो, आणि त्याचा झटका लक्षात राहील असा असतो.)

पण लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या म्हणजे चार्जर ड्युप्लिकेट, असंही समजू नका. त्या वाय कपॅसिटरमधून अगदी थोडा करंट ओरिजिनलमध्येही झिरपतो, आणि अर्थिंग असेल तर तो तिकडून जमिनीत जातो. आपल्या तालुक्याच्या गावांत जुन्या घरांना तीन पिनचा सॉकेट असतो पण मागं अर्थची वायर जोडलेलीच नसते. नाहीतर दोन पिनचा कन्व्हर्टर लावलेला असतो, नाहीतर तिसरी पिन कुणीतरी पक्कडीनं तोडलेली असते. मग टेस्टरसुद्धा पेटतो. तोच चार्जर हॉस्टेलच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावून बघा. तिथं झिणझिण्या गेल्या तर दोष घराच्या वायरिंगचा आहे. तिथंही राहिल्या तर चार्जर बाजूला ठेवा. काही स्वस्त चार्जरांत मागं तीन पिनची खोबण असते पण अर्थची पिन आत कशालाच जोडलेली नसते, नुसती शोभेला. मी तपासलेल्या बहुतेक तीन पिनच्या ओरिजिनलमध्ये खोबणीतली अर्थची पिन आणि बाहेरची निगेटिव्ह नळी यांच्यात मल्टिमीटर जोड दाखवतो. दुकानात हे प्लग न लावता अर्ध्या मिनिटात बघता येतं.

पावसाळ्यात खानापूरकडं लाईटचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. खांबावरचा न्यूट्रल सुटला तर घरात २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात. चार्जरवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, त्यामुळं त्यात ओरिजिनलही मरतो. फरक मरण्याच्या पद्धतीत आहे. चांगला चार्जर फ्यूज उडवून गप्प बसतो, लॅपटॉप वाचतो. फ्यूजच्या जागी तार असलेला धूर काढतो, आणि तेव्हा तो बहुधा अंथरुणावर असतो.

आता रिफर्बिश्ड. या शब्दाखाली आपल्याकडं दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे काढीव ओरिजिनल: बेंगळुरूच्या कंपन्यांतून जुने लॅपटॉप लिलावात निघतात, एसपी रोडवरून ते गावोगाव जातात, त्यांच्याबरोबरचे चार्जर सुटे विकले जातात. दुसरी म्हणजे उघडून दुरुस्त केलेला, किंवा जुन्या कवचात भलतंच काहीतरी घातलेला. पहिली वस्तू चांगली असू शकते. दुसरी मी घेत नाही.

ओळखायचं कसं? कवचाची शिवण नखानं चाचपून बघा. कारखान्यात ती वितळवून जोडतात, रेष सरळ असते. उघडलेल्याला फेविक्विकचे थेंब, पांढुरके डाग किंवा स्क्रूड्रायव्हरचे चरे दिसतात. वायर जिथं कवचातून बाहेर येते तिथली रबरी बाही सुटलेली किंवा टेपनं गुंडाळलेली नसावी. मग स्टिकर बघा. डेलच्या चार्जरवर CN-0 नं सुरू होणारा लांब नंबर असतो, त्यात डॅशनं तोडलेले गट असतात. CN धरून मोजलं तर चौथा, तीन अक्षरांचा गट म्हणजे बनवल्याची तारीख: वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिना, मग दिवस. नऊच्या पुढं अक्षरं सुरू होतात. `8A5` म्हणजे २०१८, दहावा महिना, पाच तारीख. बनल्यापासून पाच-सहा वर्षं ऑफिसात रोज आठ तास तापलेला चार्जर असेल तर आतले कपॅसिटर सुकत आलेले असतात. व्होल्टेज दाखवतो, पण ओझ्याखाली डगमगतो. चार वर्षांपेक्षा जुना असेल तर मी हजार रुपये देणार नाही, पाचशे देईन. आणि स्टिकरवर तारीख कुणीतरी खरडून काढली असेल तर पाचशेही नाही.

स्टिकर खोटाही छापता येतो, म्हणून आणखी एक नंबर बघा. लॅपटॉपच्या अडॅप्टरला भारतात बीआयएसची सक्तीची नोंदणी आहे. लेबलावर मानक चिन्हाबरोबर IS 13252 आणि R- नंतर आठ आकडी नंबर असतो. मोबाईलवर BIS Care ॲप घ्या, त्यात R नंबर तपासायची सोय आहे. नंबर टाकला की बनवणाऱ्याचं नाव आणि माल येतो. तिथं "डेल" न दिसता लाइट-ऑन, डेल्टा किंवा चिकोनी असं काही दिसलं तर घाबरू नका. डेलचे चार्जर हीच मंडळी बनवतात, आणि लेबलावरचं LA65, DA65, HA65 हे त्यांचेच मॉडेल आहेत. पण नंबर एखाद्या एलईडी दिव्याच्या किंवा पॉवर बँकेच्या नावावर निघाला तर ते लेबल चोरलेलं आहे. सहाशेवाल्या चार्जरांत हे मी एकदा नाही, अनेकदा बघितलंय. उलट, स्वतःच्या नावानं विकणाऱ्या, स्वतःचा R नंबर असलेल्या कंपन्यांचे कंपॅटिबल चार्जरही बाजारात आहेत, बाराशे-पंधराशेच्या घरात. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. डेलचं नाव छापून सहाशेला मिळणारा माल मात्र हातात धरू नका.

वॉरंटीचं थोडक्यात. लॅपटॉप अजून वॉरंटीत असेल तर हा सगळा विचार सोडा, सर्व्हिस टॅग सांगून तक्रार नोंदवा. डब्यातून आलेला चार्जरही त्यातच येतो, बिघाड वायर चेपून-कापून झालेला नसेल तर बदलून मिळतो. दुसऱ्या कंपनीचा चार्जर लावला एवढ्यानं लॅपटॉपची वॉरंटी जात नाही, पण त्या चार्जरमुळं जॅक किंवा बोर्ड जळाला असं दिसलं तर तेवढी दुरुस्ती नाकारतात, आणि जळालेल्या जॅककडं बघून ते ओळखता येतं. चार्जर कोल्हापुरात स्वस्त मिळतो म्हणून तिकडून आणणारे पुष्कळ आहेत. कंपनीच्या वॉरंटीला राज्य आड येत नाही. पण दुकानाची वॉरंटी म्हणजे ते दुकान, आणि सहा महिन्यांच्या वॉरंटीसाठी तुम्ही दोन वेळा कोल्हापूरची एसटी पकडणार का, ते बघा. कुठूनही घ्या, जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर चार्जरचा नंबर लिहून मागा. "बिल पाहिजे तर अठरा टक्के जास्त" असं म्हणणाऱ्याची तोंडी वॉरंटी धरू नका. बिल असेल तर तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, २०१९ च्या कायद्यानं ती सोय दिली आहे. कोल्हापूरच्या दुकानाविरुद्धही बेळगावात. आधी १९१५ वर फोन केला तरी बऱ्याचदा दुकानदार वाटेवर येतो.

तुमच्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल आणि त्याच्याशेजारी चार्जिंगचं चिन्ह असेल तर मात्र वेगळा रस्ता आहे. तिथं चिपची नक्कल लागत नाही, चार्जर आणि लॅपटॉप ठरलेल्या भाषेत बोलून व्होल्टेज ठरवतात, त्यामुळं नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचा ६५ वॅटचा चालतो. वायर मात्र १०० वॅटची किंवा त्याहून मोठी घ्या. साधी वायर तीन अँपिअरवर अडते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. जुन्या इन्स्पिरॉनमध्ये ही सोय बहुधा नसते, आणि डेलचे काही मॉडेल टाइप-सीवर कुरकुरतात.

तुमच्यासाठी मी लावलेला क्रम असा. दुसऱ्या डेलच्या चार्जरनं मेसेज गेला, तर आधी तुमचाच जुना चार्जर दुरुस्त होतो का बघा. तीन तारांची, पिनसकट तयार वायर मिळते. दोन-अडीचशेची असते आणि मजुरी वेगळी. कवच नीट उघडून परत बंद करणारा कारागीर मात्र हवा, आणि वायर घेताना ती तीन तारांची आहे हे बघा. दोन तारांची लावली तर मेसेज तसाच राहील आणि दुकानदार म्हणेल की चार्जरच खराब होता. तुमच्या चार्जरचं आतलं सर्किट ओरिजिनल आहे, त्याचं वय तुम्हाला माहीत आहे. हजाराच्या अनोळखी रिफर्बिश्डपेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो. हे जमलं नाही तर तेवीसशेचा, बिलासकट. रिफर्बिश्ड घ्यायचाच असेल तर तारीख वाचून, शिवण बघून, आणि दुकानातच तुमच्या लॅपटॉपला लावून. बॅटरी वीस टक्क्यांपर्यंत उतरवून न्या, म्हणजे तो पूर्ण ओझं ओढेल. वर एखादा जड व्हिडिओ चालू ठेवा आणि अर्धा तास तिथं बसा. तेवढा वेळ दुकानदार बसू देत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

स्टिकरवरचा तारखेचा गट वाचता आला नाही तर स्टिकरचा फोटो टाका, मी तारीख सांगतो. सर्व्हिस टॅग मात्र फोटोत झाका.